कांद्याचा फोटो कोणाला सापडतो?

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. बातमी नाशिक जिल्ह्यातली असली तरी तिची झळ दूरवर पोचणार होती. बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया आणि आखाती देश भारतीय कांदा मोठ्या प्रमाणावर विकत घेतात. त्यामुळे तिथल्या वृत्तपत्रांना आणि वृत्तसंकेतस्थळांना बातमीबरोबर एक फोटोही लागणार होता, तोही लगेच. अशा वेळी लासलगावला छायाचित्रकार धाडायला कोणालाच सवड नसते. फोटो बघणारा संपादक एखाद्या फोटो लायब्ररीच्या संकेतस्थळावर जातो, शोधाच्या चौकटीत onion market india असे तीन शब्द टाकतो आणि समोर आलेल्या पहिल्या पन्नास-साठ फोटोंमधून एक उचलतो. दुसरे पान उलटण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो.

लासलगाव, पिंपळगाव, येवला, मनमाड या पट्ट्यात कॅमेरा घेऊन फिरणारे हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकार कमी नाहीत. कांद्याच्या लिलावाचे उत्तम फोटो अनेकांच्या हार्ड डिस्कवर आहेत. त्यांतले काही फोटो लायब्ऱ्यांवर चढवलेलेही असतात, पण विकले जात नाहीत. प्रकाश किंवा फ्रेम चुकली म्हणून असे होते असे नाही. बहुतेक वेळा फोटोसोबत लिहिलेले शब्द चुकलेले असतात. ‘ब्युटिफुल इंडियन कल्चर’ असे शीर्षक दिलेला लिलावाचा फोटो कितीही देखणा असला, तरी कांदा शोधणाऱ्या संपादकापर्यंत तो पोचतच नाही.

शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, अलामी या नावाजलेल्या फोटो लायब्ऱ्यांचा व्यवहार साधारण सारखा आहे. छायाचित्रकार फोटो चढवतो, लायब्ररी तो तपासून विक्रीला ठेवते, आणि फोटो विकला गेला की ठरलेला हिस्सा छायाचित्रकाराला मिळतो. अडोबी स्टॉक फोटोच्या विक्रीतला ३३ टक्के हिस्सा देते. शटरस्टॉकवर विक्रीच्या संख्येप्रमाणे हा हिस्सा १५ ते ४० टक्क्यांपर्यंत चढतो आणि दर जानेवारीत पुन्हा तळापासून सुरू होतो. एकेका विक्रीमागे हाती येणारी रक्कम अनेकदा काही सेंट इतकीच असते, म्हणून एकच फोटो पुन्हा पुन्हा विकला जाणे महत्त्वाचे. ते घडते की नाही, हे बऱ्याच अंशी तीन मजकुरांवर ठरते: शीर्षक, कॅप्शन आणि कीवर्डची यादी. शटरस्टॉकवर शीर्षक आणि कॅप्शन मिळून एकच मजकूर असतो, त्याची कमाल लांबी २०० अक्षरे, आणि कीवर्ड ७ ते ५० द्यावे लागतात. अलामीवर कॅप्शन १५० अक्षरांचे आणि कीवर्ड, म्हणजे तिथल्या भाषेत टॅग, ५० पर्यंत. अडोबीवर कीवर्डची मर्यादा ४९.

हे सगळे इंग्रजीत लिहायचे असते, कारण शोधणारा गिऱ्हाईक जगात कुठेही असू शकतो.

आता एक फोटो घेऊन हे काम तपशिलात पाहू. समजा, एप्रिलमधली सकाळ आहे आणि लासलगाव बाजार समितीच्या आवारात कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या आहेत. लिलाव अजून सुरू व्हायचा आहे. ट्रॉलीच्या कडेला दोन-तीन शेतकरी उभे आहेत, एकाने हातात एक कांदा घेऊन त्याचे साल चोळले आहे. मागे आणखी ट्रॉल्या, वर पांढरट आकाश. चेहरे ओळखू येतात, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कंपनीचे नाव दिसते.

चेहरे आणि कंपनीचे नाव, या दोन गोष्टींनी फोटोचा मार्ग ठरून जातो. ओळखू येणाऱ्या माणसांची लेखी संमती, म्हणजे मॉडेल रिलीज, नसेल तर हा फोटो जाहिरातीत वापरता येत नाही. तो ‘एडिटोरियल’ म्हणून, म्हणजे बातमी, लेख, पाठ्यपुस्तक यांसाठीच विकता येतो. अडोबी स्टॉक ओळखू येणाऱ्या माणसांचे असे एडिटोरियल फोटो सर्वसाधारण छायाचित्रकारांकडून घेत नाही, म्हणून तो तिथे पाठवण्यात अर्थ नाही. तो शटरस्टॉकवर किंवा अलामीवर जाईल, आणि एडिटोरियल फोटोचे कॅप्शन ठरलेल्या साच्यात लागेल: ठिकाण, देश, तारीख, विसर्गचिन्ह आणि त्यापुढे फोटोत काय घडते आहे याचे एक सरळ वाक्य. आपल्या फोटोसाठी ते असे होईल.

```
Lasalgaon, India - April 22, 2025: Farmers wait beside tractor trolleys loaded with onions before the auction at the wholesale market.
```

हे वाक्य १५० अक्षरांच्या आत बसते, म्हणून दोन्हीकडे चालते. त्यात विशेषणे नाहीत. गावाचे नाव, माणसे कोण, वाहन कोणते, माल कोणता, काय होणार आहे आणि कुठे, एवढे सगळे आले. ‘आशियातील सर्वांत मोठी बाजारपेठ’ हे लासलगावचे बिरुद आपल्याकडे सर्रास वापरले जाते, पण ते कॅप्शनमध्ये घालू नये. एडिटोरियल कॅप्शन म्हणजे पुरावा असतो. फोटोत न दिसणारा आणि छायाचित्रकाराने स्वतः पडताळून न पाहिलेला दावा त्यात शिरला की उद्या तो एखाद्या वृत्तपत्रात जसाच्या तसा छापला जातो.

Farmers हा शब्दही विचारूनच लिहायचा. बाजार समितीच्या आवारात शेतकरी, व्यापारी, हमाल आणि ट्रॅक्टरचालक एकाच गर्दीत उभे असतात आणि कपड्यांवरून ते ओळखता येतातच असे नाही. ट्रॉलीजवळचा माणूस भाड्याने ट्रॅक्टर घेऊन आलेला चालक असेल आणि छायाचित्रकाराने अंदाजाने त्याला शेतकरी म्हटले, तर कॅप्शन खोटे ठरते. चांगले काम करणारे छायाचित्रकार शटर दाबल्यावर दोन मिनिटे थांबून विचारतात आणि वहीत किंवा मोबाइलवर टिपून ठेवतात. घरी आल्यावर स्मरणाने लिहिलेल्या कॅप्शनमध्ये चुका शिरतात त्या बहुतेक इथेच.

तारखेचेही तसेच. एप्रिलमध्ये बाजारात येतो तो उन्हाळ कांदा. माना वाळून बारीक झालेला, सुकलेल्या सालीचा. हाच कांदा शेतकरी चाळीत भरून ठेवतात आणि दिवाळीच्या सुमारापर्यंत थोडाथोडा विकतात. खरिपाचा लाल कांदा दिवाळीच्या आगेमागे येऊ लागतो आणि तो फार टिकत नाही, काढला की विकावा लागतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले तेव्हा फटका बसला तो मुख्यतः चाळीतल्या उन्हाळ कांद्याला. डिसेंबरच्या बंदीने पोळला तो नव्याने येत असलेला लाल कांदा. शेतीविषयक नियतकालिकाच्या संपादकाला हा फरक कळतो. कॅप्शनमधली तारीख वाचून तो ठरवतो, की हा फोटो चालू बातमीला लावायचा, ‘संग्रहित छायाचित्र’ म्हणून छापायचा की सोडून द्यायचा. तारीख नसलेला फोटो त्याच्या काहीच कामाचा नसतो.

इथे एक मोह फार जणांना होतो. निर्यातबंदीची बातमी गाजू लागली की जुन्या फोटोंच्या कॅप्शनमध्ये ‘निर्यातबंदीमुळे हवालदिल शेतकरी’ अशी भर घालायची. फोटो २०२२ चा असेल, त्या दिवशी त्या शेतकऱ्यांना कसलीही चिंता नसेल, तरीही. हे करता कामा नये. कॅप्शन त्या दिवशी तिथे काय होते एवढेच सांगू शकते. बातमीच्या ओघाने शोधणाऱ्या माणसापर्यंत पोचायला कीवर्ड आहेत, आणि तिथेही export हा शब्द तेव्हाच शोभतो जेव्हा फोटोचा निर्यातीशी काही संबंध असतो, जसे की निर्यातीसाठी कांदा प्रतवारी करून गोणीत भरणाऱ्या पॅकिंग शेडचा फोटो.

कीवर्ड निवडताना आधी आत जायचे, मग बाहेर यायचे. सर्वांत आत फोटोत डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी: कांदा, ट्रॉली, शेतकरी. त्याबाहेर ठिकाण आणि प्रसंग: लासलगाव, नाशिक, महाराष्ट्र, भारत, लिलाव, घाऊक बाजार. सर्वांत बाहेर हा फोटो कोणत्या विषयावरच्या लेखाला लागू शकेल ते: शेती, भाजीपाल्याचे भाव, महागाई, अन्नपुरवठा. या तिसऱ्या थरात संयम लागतो. महागाई हा शब्द इथे न्याय्य आहे, कारण भारतात कांद्याचे भाव आणि महागाईची बातमी एकमेकांना चिकटूनच येतात. पण गरिबी, आत्महत्या, दुष्काळ हे शब्द याच फोटोला लावणे म्हणजे त्यात उभ्या असलेल्या माणसांवर अन्याय आहे, आणि तो शब्द टाकून शोधणाऱ्या संपादकाचीही फसवणूक आहे.

या फोटोसाठी पहिले दहा कीवर्ड साधारण असे ठेवता येतील.

```
onion, onion auction, Lasalgaon, wholesale market,
farmer, India, tractor trolley, Nashik, Maharashtra, agriculture
```

पहिल्या दहांचा वेगळा उल्लेख कारणाने केला आहे. अलामीवर पन्नास टॅगमधून दहापर्यंत टॅग ‘सुपरटॅग’ म्हणून निवडता येतात आणि शोधात त्यांना जास्त वजन मिळते. अडोबीवर यादीचा क्रमच मोजला जातो. पहिले दहा शब्द सर्वांत महत्त्वाचे धरले जातात. त्यामुळे कीवर्ड वर्णानुक्रमे लावून देणारे एखादे सॉफ्टवेअर वापरले, की agriculture वर चढतो आणि onion खाली घसरतो. फोटो तोच, शब्द तेच, तरी तो मागे पडतो. यादी चढवल्यावर क्रम तसाच राहिला आहे ना, हे एकदा डोळ्यांनी पाहायला हवे.

त्यानंतरच्या जागा भरताना गिऱ्हाईक खरोखर काय टाइप करेल याचा विचार उपयोगी पडतो. नाशिक शहराचे स्पेलिंग Nashik आणि Nasik असे दोन्ही चालते, परदेशी संपादक जुने स्पेलिंगही वापरतात, म्हणून दोन्ही द्यावेत. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रे बाजार समितीला APMC किंवा mandi म्हणतात, लंडनमधला संपादक market म्हणतो. तिन्ही शब्द खरे आहेत, तिन्ही असू द्यावेत. कांद्याचे शास्त्रीय नाव Allium cepa हेही यादीत असावे, कारण पाठ्यपुस्तके आणि शेतीविषयक प्रकाशने फोटो शोधताना शास्त्रीय नाव वापरतात. शिवाय vegetable, crop, rabi, harvest, bulk, trader, inflation, food supply असे करत पंचवीस-तीस शब्दांपर्यंत यादी जाते आणि तिथे थांबली तर काही बिघडत नाही.

पन्नासची मर्यादा दिली आहे म्हणून पन्नास भरायलाच हवेत, अशी समजूत फार पसरली आहे आणि तिने फोटोंचे मोठे नुकसान होते. ते कसे होते, हे अलामीवर स्पष्ट दिसते, कारण ती लायब्ररी छायाचित्रकाराला आकडे दाखवते. गिऱ्हाइकाच्या शोधाच्या निकालात फोटोचे छोटे रूप दिसले की तो एक ‘व्ह्यू’. त्यावर क्लिक करून गिऱ्हाइकाने तो मोठा करून पाहिला की एक ‘झूम’. झूमच्या संख्येला व्ह्यूच्या संख्येने भागून शंभराने गुणले की क्लिकचे प्रमाण मिळते. हे प्रमाण आणि प्रत्यक्ष विक्री यांवरून छायाचित्रकाराचा दर्जा ठरतो आणि पुढच्या शोधांमध्ये त्याचे फोटो वर येणार की खाली, हे त्यावर अवलंबून राहते.

आता लिलावाच्या फोटोला Mumbai हा टॅग लावला असे धरू. कारण काय, तर मुंबई महाराष्ट्रात आहे आणि मुंबई हा शब्द लोक फार शोधतात. मुंबईचा शोध घेणाऱ्या शेकडो लोकांना कांद्याच्या ट्रॉल्या दिसतात. कोणीही क्लिक करत नाही. हजार व्ह्यू होतात आणि झूम दोन. दुसरीकडे onion auction शोधणारे महिन्याभरात फक्त वीस जण असतील, पण त्यांतल्या दोघांनी क्लिक केले तरी ते प्रमाण दहा टक्के आहे. मुंबईचा टॅग जोडला की हे चांगले प्रमाण हजार निरुपयोगी व्ह्यूंखाली गाडले जाते: एकूण १,०२० व्ह्यू, चार झूम, म्हणजे ०.४ टक्क्यांच्याही खाली. आणि हा घसरलेला दर्जा त्या छायाचित्रकाराच्या बाकीच्या फोटोंनाही मागे ओढतो. चुकीचा शब्द निरुपद्रवी नसतो तो असा.

हे ओळखायचे कसे? अलामीच्या मेजर्स या विभागात कोणत्या शोधशब्दावर आपला फोटो दाखवला गेला, हे दिसते. एखादा शब्द वारंवार व्ह्यू आणतो आहे पण झूम एकही नाही, असे दिसले की तो टॅग काढून टाकावा. त्याच विभागात सर्व गिऱ्हाइकांचे शोधही पाहता येतात. तिथे onion टाकून पाहिले की लोक त्यासोबत आणखी कोणते शब्द जोडतात ते कळते आणि आपल्या यादीत राहून गेलेला एखादा खरा शब्द सापडतो.

कांदा तोच, पण त्याच दिवशी घरी येऊन छायाचित्रकाराने स्वयंपाकघराच्या लाकडी पाटावर अर्धा चिरलेला कांदा आणि सुरी ठेवून वरून फोटो काढला, तर सगळा हिशेब बदलतो. यात माणूस नाही, कंपनीचे नाव नाही, म्हणून तो जाहिरातीलाही विकता येतो. इथे गाव आणि तारीख कोणालाच नको असते. गिऱ्हाईक आता जाहिरात संस्थेतला डिझायनर आहे किंवा पाककृतींचे पुस्तक बांधणारा मांडणीकार, आणि त्याला फोटोची रचना महत्त्वाची वाटते.

```
Sliced red onion and knife on wooden cutting board, top view with copy space
```

Copy space म्हणजे मजकूर टाकायला मोकळी ठेवलेली जागा. डिझायनर हा शब्द रोज वापरतात. Top view, flat lay, nobody, close-up असे रचना सांगणारे शब्द बातमीच्या फोटोत फारसे कामाचे नसतात, पण इथे ते वरच्या दहांत येतात. मात्र ते खरे असले पाहिजेत. फोटोत कांदा चारी कडांना भिडला असेल तर copy space लिहिणे म्हणजे डिझायनरचा वेळ खाणे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर सुटा कांदा ठेवला असेल तरच isolated म्हणायचे. Organic हा शब्द तर फोटोवरून कोणालाच सिद्ध करता येत नाही. सेंद्रिय शेतातलाच कांदा आहे हे माहीत नसेल तर तो गाळावा.

जाहिरातीला विकल्या जाणाऱ्या फोटोंत कंपन्यांची नावे शीर्षकात वा कीवर्डमध्ये चालत नाहीत. सुरीवर ब्रँडचे नाव कोरलेले असेल तर ते फोटोतून काढावे लागते. काही इमारतींनाही हाच नियम लागू होतो. मुंबईतल्या ताजमहाल पॅलेस हॉटेलने २०१७ मध्ये आपल्या इमारतीच्या रूपाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी करून घेतली, त्यामुळे गेटवेजवळून काढलेल्या आणि हॉटेलच मुख्य विषय असलेल्या फोटोला जाहिरातीसाठी विकायला अडचण येऊ शकते. तो एडिटोरियल म्हणून देणे सुरक्षित.

शब्द उत्तम निवडले तरी ते फोटोपर्यंत नीट पोचवण्यात एक शेवटची अडचण उरते. बाजारात एका सकाळी साठ-सत्तर फ्रेम निघतात. वेळ वाचवण्यासाठी लाइटरूममध्ये सगळे फोटो एकत्र निवडून सर्वांना एकच कॅप्शन आणि एकच यादी चिकटवली जाते. मग परतीच्या वाटेवर काढलेल्या कांदाचाळीच्या फोटोलाही auction चिकटतो आणि चहाच्या टपरीच्या फोटोलाही tractor trolley. यावर उपाय म्हणजे दोन टप्प्यांत काम करणे. आधी सगळ्या फोटोंना खरोखर समान असलेले तेवढेच शब्द द्यायचे: India, Maharashtra, Nashik आणि तारीख. मग फोटोंचे गट पाडून प्रत्येक गटाचे वेगळे कॅप्शन आणि वेगळे वरचे दहा शब्द लिहायचे.

हे सगळे लिहिलेले शब्द फोटोच्या फाइलमध्येच साठवता येतात. त्याचे प्रमाण आयपीटीसी या आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थांच्या परिषदेने ठरवून दिले आहे, आणि लाइटरूम, ब्रिज यांसारखी सॉफ्टवेअर ते पाळतात. फाइलमध्ये एकदा लिहिले की कोणत्याही लायब्ररीवर चढवताना चौकटी आपोआप भरल्या जातात. पण तोच फोटो मित्राला संगणकावर चढवायला व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या फोटोसारखा पाठवला तर आतला मजकूर गळून पडतो आणि फोटोही आक्रसतो. म्हणून फाइल पेनड्राइव्हने किंवा डॉक्युमेंट म्हणून द्यावी. चढवण्याआधी आत नेमके काय लिहिले गेले आहे, हे एक्झिफटूल या विनामूल्य सॉफ्टवेअरने एका ओळीत पाहता येते.

```
exiftool -Title -Description -Keywords kanda.jpg
```

संगणक जे दाखवेल ते वाचताना प्रत्येक शब्दाशी थांबून फोटोकडे पाहावे आणि तो शब्द तिथे दिसतो का, हे तपासावे. जो दिसत नाही आणि ज्याचे कारणही देता येत नाही, तो पाठवण्याआधीच खोडावा. साठ फ्रेम असतील तर या कामात अख्खी संध्याकाळ जाते, म्हणून अनुभवी लोक साठऐवजी निवडक वीसच फ्रेम चढवतात.